रोज सकाळी प्रॉम्प्ट येतो, रोज उत्तरही जातं, तरी बोलणं पुढे सरकत नाही: दुरुस्ती कुठे करायची?

तक्रार साधारण अशी असते. सकाळी फोनवर एक छोटा प्रॉम्प्ट येतो, 'काल काय केलंत ते सांगा' किंवा 'तुमच्या खोलीचं वर्णन करा' अशासारखा. नवी भाषा शिकणारा त्या भाषेत मिनिटभराचा व्हॉइस मेसेज पाठवतो. पहिले दोनतीन आठवडे बरं वाटतं, कारण अजिबात न बोलण्यापासून थोडं बोलण्यापर्यंतचा टप्पा लवकर पार होतो. मग सगळं थबकतं. महिन्याभराने जुनं आणि नवं रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐकलं तर तीच वाक्यं, तेच 'आणि मग', त्याच ठिकाणी तेच अडखळणं. प्रॉम्प्ट पाठवणारा वैतागून विषय बदलत राहतो, शिकणारा वैतागून रेकॉर्डिंगची लांबी वाढवतो. दोन्हीने काही होत नाही.

ही अडचण आळसाची असेलच असं नाही. एकही दिवस न चुकवणाऱ्यांच्या बाबतीतही ती हमखास दिसते. म्हणून नेहमीचा सल्ला, म्हणजे सातत्य ठेवा वगैरे, इथे बाजूला ठेवू. जिथे उत्तरं नियमित येतात पण बदलत नाहीत, तेवढ्याच प्रकाराबद्दल हे लिहिलं आहे.

आधी तपासणी: शांतता कुठे पडते?

गेल्या दोन आठवड्यांतली तीन रेकॉर्डिंग घ्या. प्रत्येकातलं मधलं अर्धं मिनिट ऐकून कागदावर जसंच्या तसं उतरवा. चुका सुधारू नका, 'अं' आणि 'म्म' गाळू नका. मग पुन्हा ऐका आणि बोलणारा जिथे जिथे कानाला जाणवण्याइतका थांबतो तिथे तिरकी रेघ मारा. संशोधनात साधारण पाव सेकंदापासूनची शांतता मोजतात, पण त्यासाठी सॉफ्टवेअर लागतं. कानाने अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा खंड सहज पकडता येतो आणि या कामाला तेवढं पुरतं.

आता रेघा मोजू नका, त्या कुठे पडल्या आहेत ते पाहा. अस्खलित बोलणारी माणसंही थांबतात, आणि भरपूर थांबतात. पण त्यांचे थांबे बहुतेक वाक्याच्या किंवा उपवाक्याच्या सांध्यावर पडतात. शिकणाऱ्याचे थांबे अर्ध्या वाक्यात पडतात, कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये किंवा विशेषण आणि नामाच्या मध्ये. भाषाशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी 1989 मध्ये मांडलेल्या बोलण्याच्या प्रतिमानात आधी काय सांगायचं ते ठरतं, मग त्याला शब्द आणि व्याकरण मिळतं आणि शेवटी उच्चार होतो. थांबा कुठे पडला यावरून यातली कोणती पायरी अडली आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

तीन प्रकारचे कागद हाती लागतात.

पहिल्यावर रेघा जवळजवळ नसतातच. बोलणं सपाट, एकाच वेगाने चाललेलं, चुका फारशा नाहीत. दुसऱ्यावर वाक्यं सुरू होण्याआधी लांब रेघा आहेत, पण एकदा सुरू झालेलं वाक्य नीट संपतं. तिसऱ्यावर रेघा वाक्यांच्या पोटात आहेत. या तिन्हींवर एकच उपाय चालत नाही, आणि बहुतेक ठिकाणी गल्लत इथेच होते.

पहिला कागद: रेघाच नाहीत

हा दिसायला सगळ्यांत चांगला आणि प्रत्यक्षात सगळ्यांत अडकलेला. यामागे दोन शक्यता असतात.

एक, उत्तर लिहून वाचलं जातंय. ओळखणं अवघड नाही. खऱ्या बोलण्यात माणूस स्वतःला दुरुस्त करतो, अर्धं वाक्य सोडून दुसरं धरतो. वाचनात हे होत नाही, प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज सारखाच खाली येतो, आणि शब्द असे येतात जे त्या शिकणाऱ्याच्या बाकीच्या बोलण्यात कधीच नसतात. यावर 'लिहू नका' एवढं सांगून भागत नाही, कारण लिहिण्यामागे भीती असते आणि तिला पर्याय द्यावा लागतो. पर्याय असा: प्रॉम्प्ट उघडल्यावर एक मिनिट विचाराला, कागदावर फक्त तीन शब्द, पूर्ण वाक्य नाही. तयारी करणं मुळात वाईट नाही. पॉलिन फॉस्टर आणि पीटर स्केहन यांच्या 1996 च्या अभ्यासात बोलण्याआधी दहा मिनिटं तयारीला मिळालेल्यांचं बोलणं जास्त ओघवतं आणि जास्त गुंतागुंतीच्या रचनांचं झालं होतं. पण तिथे तयारीच्या नोंदी बोलताना हातात ठेवू देत नसत. आपल्याकडे नेमकी हीच अट सुटते.

दुसरी शक्यता जास्त आढळते. शिकणारा वाचत नाही, पण त्याला पाठ झालेल्या सुरक्षित वाक्यांच्या बाहेर तो जातच नाही, आणि प्रॉम्प्ट त्याला बाहेर जायला भाग पाडत नाही. 'काल काय केलंत' या प्रॉम्प्टला 'काम केलं, जेवलो, घरी गेलो, झोपलो' हे पूर्ण आणि बरोबर उत्तर आहे. शंभर दिवस विचारलं तरी शंभर वेळा हेच उत्तर चालतं. दोष इथे प्रॉम्प्टचा आहे. त्याची दुरुस्ती खाली उदाहरणासकट दिली आहे.

दुसरा कागद: वाक्याआधी लांब थांबे

इथे भाषा अडलेली नाही, मजकूर अडलेला आहे. 'तंत्रज्ञानामुळे माणसं जवळ आली की दूर गेली?' असा प्रॉम्प्ट सकाळी सकाळी आला तर मातृभाषेतही दोन मिनिटं विचार करावा लागेल. पाठवणाऱ्यांना असे प्रश्न आवडतात, कारण ते भारदस्त दिसतात. शिकणाऱ्याचा सगळा वेळ मात्र मत शोधण्यात जातो आणि भाषेच्या सरावाला उरतात दहा सेकंद.

उपाय सरळ आहे: मजकूर प्रॉम्प्टमध्येच द्या. मत विचारू नका, प्रसंग द्या. 'कपाटाचं दार नीट लागत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला फोन करा. काय होतं, कधीपासून होतं आणि तुम्ही स्वतः काय करून पाहिलं, ते सांगा.' इथे काय बोलायचं ते ठरलेलं आहे, फक्त कसं बोलायचं तेवढं शिकणाऱ्याचं काम. शिवाय ऐकणारा कोण आहे तेही ठरलेलं आहे, त्यामुळे आदराची रूपं, सुरुवात आणि शेवट हे सगळं आपोआप येतं.

प्रॉम्प्ट कोणत्या भाषेत लिहायचा यावर वाद होतात. शिकायच्या भाषेत लिहिला तर त्यातलेच शब्द आणि क्रियापदांची रूपं उचलून उत्तर तयार होतं, म्हणजे सरावाचा अर्धा भाग आयताच मिळतो. मातृभाषेत लिहिला तर शिकणारा तो शब्दशः भाषांतरित करायला बसतो आणि 'टाळलं' अशासारख्या एखाद्या शब्दासाठी अडून राहतो. सुरुवातीच्या पातळीवर मातृभाषेतला प्रसंग बरा, मात्र तो शिकणाऱ्याच्या तोंडचं वाक्य म्हणून लिहू नये. 'त्याला सांगा की मला उशीर होईल कारण गाडी बंद पडली' असं लिहिलं की तो भाषांतराचा पेपर होतो. 'गाडी बंद पडली आहे, पोचायला वेळ लागेल, वाट पाहणाऱ्याला कळवा' यात वाक्याची बांधणी शिकणाऱ्याला स्वतः करावी लागते.

तिसरा कागद: वाक्याच्या पोटात थांबे

खरं तर हा कागद हाती आला तर बरं समजावं. इथे शिकणारा त्याच्या कुवतीच्या कडेवर बोलतोय. मग तरीही प्रगती का थांबते? कारण अडखळल्यावर पुढे काहीच होत नाही. तो अडखळतो, कसंबसं वाक्य संपवतो, मेसेज पाठवतो आणि दिवस संपतो. उद्या नवा विषय. आज जिथे अडलं ती जागा पुन्हा समोर येईल तेव्हा महिना उलटलेला असतो, आणि तो तिथेच तसाच अडतो.

रोज नवा विषय हवा हा समज या दिनक्रमाचं सगळ्यात जास्त नुकसान करतो. बोलण्याच्या ओघासाठी एक जुनी पद्धत आहे, कीथ मॉरिस यांनी 1983 मध्ये सुचवलेली आणि पुढे पॉल नेशन यांनी रुळवलेली. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना सांगायची, आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. मजकूर ठरलेला असल्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला डोक्यातली जागा भाषेसाठी मोकळी होते. नेल द याँग आणि चार्ल्स परफेटी यांनी 2011 मध्ये या पद्धतीची तुलना करून पाहिली. एका गटाने एकाच विषयावर पुन्हा पुन्हा बोलायचं, दुसऱ्याने दर खेपेला नव्या विषयावर. सरावादरम्यान ओघ दोघांचाही वाढला, पण पुढे अगदी नव्या विषयावरही तो टिकला तो पुनरावृत्ती करणाऱ्यांचा.

याला एक मोठी पुस्ती जोडायला हवी, कारण पुष्कळ जण ही पद्धत ऐकून अर्धीच उचलतात. फ्रँक बुर्स यांनी 2014 मध्ये दाखवून दिलं की वेळ कमी करत नेल्यावर बोलणारे पहिल्या खेपेतल्या चुका जशाच्या तशा पुढच्या खेपांत नेतात. घाईत कोणी वाक्य नव्याने जुळवत बसत नाही, तयार असलेलं उचलतो. म्हणजे नुसतीच पुनरावृत्ती केली तर चूकही तितकीच घोटून पक्की होते. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या मध्ये दुरुस्ती हवी, आणि वेळ कमी करायचा तो दुरुस्तीनंतर.

एक उदाहरण पूर्ण सोडवून

समजा शिकणारा जर्मनच्या ए-टू पातळीवर आहे. प्रॉम्प्ट आहे 'काल संध्याकाळी काय केलंत?' आणि उतरवलेलं उत्तर असं:

'गेस्टर्न हाबे इश गेआर्बाइटेट. उंट दान हाबे इश गेगेसन. उंट दान हाबे इश नाख हाउझे गेगांगन. उंट दान हाबे इश फेर्नगेझेएन. एस वार गूट.'

म्हणजे काल काम केलं, मग जेवलो, मग घरी गेलो, मग टीव्ही पाहिला, छान होतं. रेघ एकही नाही. चूक एकच: 'गेगांगन'बरोबर 'हाबे' नव्हे, 'बिन' हवं, कारण जाण्या-येण्याच्या क्रियापदांचा भूतकाळ 'झाइन'ने होतो आणि 'बिन' हे त्याचंच रूप आहे. शिक्षक ही चूक दर वेळी कळवतो, शिकणारा दर वेळी 'हो' म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा 'हाबे गेगांगन' येतं.

पण खरी अडचण चुकीपेक्षा 'उंट दान'मध्ये आहे. पाचही वाक्यं सुटी आहेत. कारण, अट, विरोध यांपैकी काहीच नाही, आणि प्रॉम्प्टने ते मागितलंही नाही. मग प्रॉम्प्ट बदलून असा केला:

'काल करायचं ठरलेलं एक काम राहून गेलं. ज्या सहकाऱ्याला त्याची गरज होती त्याला सांगा: काय राहिलं, का राहिलं, आता कधी होईल. 60 सेकंद.'

यात 'का' आल्याबरोबर 'वाइल' म्हणजे 'कारण' टाळता येत नाही. पहिली खेप अशी आली, रेघांसकट:

'इश हाबे / देन बेरिश्ट / निश्ट गेश्रीबेन. वाइल / अं / वाइल इश / हाबे / कायने त्साइट. मॉर्गन / श्राइबे इश.'

म्हणजे रिपोर्ट लिहिला नाही, कारण वेळ नाही, उद्या लिहीन. आता कागद बोलायला लागला. रेघा 'वाइल'च्या भोवती जमल्या आहेत. 'वाइल'नंतर क्रियापद उपवाक्याच्या शेवटी जातं, आणि ते इथे दुसऱ्या जागी आलंय. मराठीत क्रियापद शेवटीच असतं, तेव्हा हे सोपं जायला हवं असं वाटेल. पण क्रियापद दुसऱ्या जागी ठेवायची शिस्त शिकणाऱ्याने मुख्य वाक्यांसाठी नुकतीच अंगी बाणवलेली असते आणि तीच इथे आडवी येते. (बोली जर्मनमध्ये 'वाइल'नंतर क्रियापद दुसऱ्या जागी ठेवणारे जर्मनभाषक पुष्कळ सापडतील. शिकणाऱ्याने ती सवलत आत्ता घेऊ नये, लेखी आणि औपचारिक जर्मनमध्ये ती चूकच धरतात.)

या खेपेत सुधारण्यासारखं आणखी बरंच आहे. 'हाबे'च्या जागी भूतकाळी 'हाटे' हवं, आणि 'श्राइबे इश'च्या पुढे रिपोर्टसाठीचं सर्वनाम 'इन' नाही, म्हणजे काय लिहिणार तेच सांगायचं राहिलं. तरी दुरुस्तीला एकच गोष्ट घ्यायची. निवड करताना निकष असा की जिथे रेघा जास्त तिथली चूक आधी. बिनरेघेची चूक शिकणाऱ्याला चूक वाटतच नाही, ती एका सकाळीत सुटणार नाही.

मग दोन मिनिटं फक्त तो तुकडा, मोठ्याने, वेगवेगळ्या कारणांसह: 'वाइल इश कायने त्साइट हाटे.' 'वाइल इश क्रांक वार.' 'वाइल देर कॉम्प्यूटर कापुट वार.' मला वेळ नव्हता, मी आजारी होतो, संगणक बिघडला होता. प्रत्येकी दोनदा, कागद न पाहता. एकच वाक्य सहा वेळा म्हणण्यापेक्षा तीन वाक्यं दोनदा म्हणणं चांगलं, कारण साचा तोच राहतो आणि भरण बदलते. तुकडा पाठ होत नाही, साचा बसतो. 'हाटे' इथे न सांगता, साच्याबरोबरच आला, तो वेगळा समजावण्याची गरज पडली नाही.

दुसरी खेप पुन्हा 60 सेकंदांची, घाई नाही: 'इश हाबे देन बेरिश्ट निश्ट गेश्रीबेन, / वाइल इश / कायने त्साइट हाटे. / मॉर्गन श्राइबे इश इन.' एक रेघ अजून पोटात आहे, बाकीच्या सांध्यांवर सरकल्या. तिसरी खेप 45 सेकंदांत आणि ऐकणारा बदलून: सहकाऱ्याऐवजी वरिष्ठ. मजकूर तोच राहतो पण सुरुवातीला माफी येते, 'तुम्ही'ची रूपं येतात, त्यामुळे खेप पोपटपंची होत नाही.

सगळं मिळून दहा मिनिटांच्या आत बसतं. पाठवायची तिसरी खेपच, पण पहिली पुसू नका. शिक्षकाला किंवा जोडीदाराला पहिलीच जास्त उपयोगी असते.

प्रॉम्प्टची मांडणी आणि आठवड्याचा क्रम

वरच्या उदाहरणातून प्रॉम्प्टचा नमुना निघतो: एक प्रसंग, एक श्रोता, दोन किंवा तीन मुद्दे, आणि त्यांतला निदान एक असा की नवी रचना वापरल्याशिवाय तो सांगताच येणार नाही. त्या रचनेचं नाव मात्र प्रॉम्प्टमध्ये लिहायचं नाही. 'वाइल वापरा' असं लिहिलं की शिकणारा उगाच कुठेतरी 'वाइल' चिकटवतो आणि मोकळा होतो. गरज प्रसंगातूनच यायला हवी: 'का' विचारलं की कारण येतं, 'नाही झालं तर काय' विचारलं की अट येते, 'आधी काय होतं, आता काय आहे' विचारलं की काळांची सरमिसळ येते. वर 'गेगांगन'चा प्रश्न तसाच सोडला होता, त्याचा प्रॉम्प्टही याच पद्धतीने करता येतो: 'काल तुम्ही घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत कुठे कुठे गेलात, वाटेत किल्ली हरवली असेल तर ती कुठे पडली असेल ते शोधायला मदत करणाऱ्याला सांगा.' जाणं, येणं, पोचणं ही क्रियापदं इथे पाचसहा वेळा लागतात आणि 'बिन' टाळायला पळवाट उरत नाही.

सात दिवस सात प्रॉम्प्ट काढू नका. सोमवारी नवा, मंगळवारी त्याचाच दुसरा प्रसंग: रिपोर्ट राहिला याऐवजी ठरलेली भेट रद्द करायची आहे. साचा तोच, शब्द वेगळे. बुधवारी नवा, गुरुवारी त्याचा भाऊबंद. शुक्रवारी मागच्या आठवड्यातला एक प्रॉम्प्ट जसाच्या तसा, पण तयारीशिवाय आणि एकाच खेपेत. शुक्रवारच्या रेकॉर्डिंगमध्ये रेघा पुन्हा पोटात शिरल्या असतील तर तो साचा अजून बसलेला नाही, पुढच्या सोमवारी नवा काढण्याऐवजी तोच घ्या. शनिवार-रविवार सुटी ठेवायला हरकत नाही.

मंगळवारचा प्रॉम्प्ट किती वेगळा असावा, हे पाठवणाऱ्याला जमायला वेळ लागतो. फार जवळचा असला तर शिकणारा कालचंच उत्तर एखाद-दोन नावं बदलून म्हणतो. फार लांबचा असला तर कालचा साचा त्यात लागतच नाही. चाचणी सोपी आहे: पाठवण्याआधी स्वतः उत्तर बोलून पाहा. कालची रचना निदान दोनदा आली आणि नामं-क्रियापदं बहुतेक बदलली, तर अंतर बरोबर आहे. स्वतः बोलून न पाहता पाठवलेला प्रॉम्प्ट बऱ्याचदा फसतो. कागदावर 30 सेकंदांचा वाटणारा मजकूर तोंडाने दोन मिनिटांचा निघतो.

चुकलेले दिवस

नियमित उत्तरांबद्दल लिहीत असलो तरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण खेपांची पद्धत सुरू केली की वेळ एका मिनिटावरून दहा मिनिटांवर जातो आणि दिवस चुकायला लागतात. चुकलेला प्रॉम्प्ट दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही. तीन प्रॉम्प्ट साठले की माणूस चौथा उघडतच नाही. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या 2010 च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यक काळ 66 दिवसांचा होता आणि माणसागणिक तो 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता. त्यातच असंही दिसलं की एखादी संधी चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

पाठवण्याची वेळ बहुतेक ठिकाणी चुकीची असते. पहाटे सहाला आलेला प्रॉम्प्ट अंथरुणात वाचला जातो, तिथे मोठ्याने बोलता येत नाही, 'नंतर करू' होतं आणि नंतर तो बाकीच्या मेसेजांखाली गाडला जातो. शिकणाऱ्याला एकट्याने मोठ्याने बोलता येईल अशी जागा आणि घटका आधी विचारून घ्या आणि प्रॉम्प्ट तिच्या पाचच मिनिटं आधी पाठवा. कुजबुजत केलेलं रेकॉर्डिंग तपासणीच्या कामाचं नसतं. त्यात थांबे ऐकू येत नाहीत आणि आवाजाचा चढउतारही जातो.

फरक पडला की नाही ते कसं पाहायचं

सराव केलेल्या प्रॉम्प्टवर मोजमाप करू नका, तिथे सुधारणा दिसणारच, आणि त्यातली बरीचशी पाठांतराची असेल. सुरुवातीलाच सारख्या घडणीचे दोन प्रॉम्प्ट बाजूला काढून ठेवा, उदाहरणार्थ 'घेतलेली वस्तू बिघडलेली निघाली, परत करा' आणि 'मागवलेल्या वस्तूऐवजी दुसरीच आली, बदलून मागा'. पहिला पहिल्या दिवशी, दुसरा चार आठवड्यांनी, दोन्ही एका खेपेत आणि तयारीशिवाय. दोन्हींचं मधलं अर्धं मिनिट उतरवून रेघा मारा.

अर्ध्या मिनिटातले शब्द मोजायचे तर मोजा, पण स्वतःच्याच दोन रेकॉर्डिंगांची तुलना करा, दुसऱ्याच्या आकड्याशी नको. एकेका भाषेत शब्दांची लांबी इतकी वेगळी असते की आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. शब्दसंख्या कमी होऊन वाक्यं लांब आणि जोडलेली झाली असतील तर तीही प्रगतीच आहे. नवी रचना आली की काही दिवस वेग पडतो. स्केहन यांनी अचूकता, ओघ आणि रचनेची गुंतागुंत यांत ओढाताण असते असं मांडलं आहे, आणि सुरुवातीच्या पातळीवर ती रोजच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते. त्यामुळे शब्द घटले पण पोटातल्या रेघा सांध्यांवर सरकल्या तर काही बदलू नका. शब्दही तेवढेच आणि रेघाही तिथेच, तर खेपांमधली दुरुस्ती होतच नाहीये असं समजा. बहुतेक वेळा तिन्ही खेपा लागोपाठ बोलल्या जात असतात आणि मधली दोन मिनिटं गाळलेली असतात. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या फाइलींच्या वेळा पाहा, मध्ये अंतर नसेल तर उत्तर तिथेच आहे.

या दिनक्रमातून न सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. समोरचा मध्येच प्रश्न विचारतो तेव्हा सावरून घेणं, न कळलेलं पुन्हा विचारणं, दुसऱ्याच्या वाक्यात शिरणं, हे एकट्याच्या रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. चार आठवड्यांनंतर रेघा सांध्यांवर आल्या आणि तरी प्रत्यक्ष संभाषणात बोलती बंद होत असेल तर प्रॉम्प्टमध्ये बदल करू नका. आठवड्यातला एक दिवस, शुक्रवार सोयीचा, थेट फोनवर घ्या. जोडीदाराने त्याच जुन्या प्रॉम्प्टवर उत्तर ऐकताना ठरवून दोनदा मध्ये थांबवायचं, एकदा 'म्हणजे?' विचारून आणि एकदा चुकीचा अर्थ लावून.